उजवा कप फिरतच नाही: गंजून बसलेला बॉटम ब्रॅकेट कसा काढायचा

गणपती गेले, पाऊस जरा ओसरला, की माझ्या पडवीत एक तरी अशी सायकल येतेच. पायडलवर जोर दिला की टक्-टक् आवाज, पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धरून हलवला की खेळ, आणि मालकाचं ठरलेलं वाक्य: "बीबी बदलायचीय, पण कप निघत नाहीये." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट: क्रँक ज्या एक्सलवर फिरतात तो एक्सल आणि त्याची बेअरिंग. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, तिला शेल म्हणतात, तिच्यात तो दोन बाजूंनी आट्यांच्या दोन कपांनी आवळलेला असतो. आमच्या रत्नागिरीत हवा खारी आणि पाऊस चार महिने, त्यामुळे इथे हे जरा जास्तच. पण पावसात सायकल चालवणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं.

यंदाची सायकल आमच्या गल्लीतल्या एका सरांची होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, चौकोनी टोकाच्या एक्सलचा बंद कार्ट्रिज बीबी, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकाच नळीत बंद, सात पावसाळे झालेले, बीबी एकदाही उघडलेली नाही. त्यात सर सायकल धुतात पाइप लावून. डावा कप दहा मिनिटांत आला. उजवा मात्र आधी दुसऱ्या कुणीतरी पान्यावर लोखंडी पाइप चढवून ओढून झाला होता, आणि आतले दाते खाल्ले गेले होते.

या दात्यांकडे नीट बघितलं तेव्हा अर्धं प्रकरण उलगडलं. कपाच्या आत वीस दाते असतात, त्यात कप काढायचं दातेरी टूल बसतं, आणि टूलला पाना लावून फिरवायचं. सगळ्या दात्यांची एकच कड गोल झाली होती, दुसरी कड शाबूत. खराब झालेली कड होती घड्याळाच्या उलट दिशेने ओढल्यावर दबणारी. म्हणजे आधीच्या माणसाने पूर्ण ताकदीने कप सोडवलाच नव्हता, आवळला होता.

उजव्या कपाचे आटे उलटे असतात. बहुतेक सायकलींवर जे बीएसए आटे असतात (कपावर १.३७ × २४ असं कोरलेलं सापडतं, शेलची रुंदी ६८ किंवा ७३ मिमी) त्यांत डावा कप नेहमीसारखा घड्याळाच्या उलट फिरवून सुटतो आणि उजवा, म्हणजे चेनकडचा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. लक्षात ठेवायची माझी पद्धत अशी: सायकल चाकांवर उभी, पाना बीबीच्या वर सरळ उभा धरायचा, आणि त्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकलायचं. दोन्ही बाजूंना हेच, आणि दोन्ही कप सुटतात. घड्याळ आठवायची गरजच नाही. अपवाद इटालियन आट्यांचा. कपावर ३६ × २४ आणि शेल ७० मिमी असेल तर दोन्ही कप साध्या आट्यांचे. आपल्याकडे अशा फ्रेम क्वचितच दिसतात, पण जुनी इटालियन रेसिंग सायकल असेल तर पाना लावण्याआधी कॅलिपरने रुंदी मोजा.

सरांना म्हटलं, "सर, वाईटातून एक चांगलं झालंय. चुकीच्या बाजूला ओढल्यामुळे बरोबर बाजूची कड कोरी राहिलीय. आता टूल त्या कडेवर धरेल."

"आणि तीपण गेली तर?"

"तर मग कापाकापी."

कप न निघण्याची कारणं दोन. एक म्हणजे गंजाने आटे धरून ठेवलेले असतात. दुसरं म्हणजे टूल दात्यांतून घसरतं. लोक पहिल्याच्या मागे लागतात, म्हणून मोठा पाइप आणतात. माझ्याकडे फुकट गेलेले जे कप आले, त्यातले बहुतेक दुसऱ्या कारणाने गेलेले. दाते उथळ असतात. पाना टूलच्या बाहेरच्या टोकाला लावला की जोर फक्त फिरवत नाही, टूलला तिरकंही करतो. एका बाजूने ते दात्यांवर चढतं आणि कटकन बाहेर येतं, येताना दाते सोलून आणतं. म्हणून तेल, उष्णता वगैरे सगळं नंतर. आधी टूल कपावर आवळून टाकायचं.

हे सोपं आहे. क्रँक पुलरने काढला की एक्सलचं टोक दिसतं, त्यात क्रँकच्या बोल्टचे आटे असतात. टूल कपात पूर्ण बसवा, टूलच्या तोंडावर जाड वॉशर ठेवा आणि क्रँकचाच बोल्ट वॉशरमधून एक्सलमध्ये घालून आवळा. आता टूल हलू शकत नाही. तीन गोष्टी सांभाळायच्या. वॉशर टूलच्या षटकोनापेक्षा लहान हवा, नाहीतर पाना बसणार नाही. माझ्या टूलचा षटकोन ३२ मिमीचा, म्हणून ३० मिमीचा वॉशर घेतला, ३ मिमी जाडीचा. एक्सलचं टोक टूलच्या बाहेर डोकावत असेल तर वॉशर टूलवर न टेकता एक्सलवर टेकतो आणि आवळल्याचा उपयोग शून्य. तेव्हा मध्ये पाइपचा एक तुकडा कापून घाला. आणि बोल्ट लांब हवा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही आठचा बोल्ट घुसवू नका. क्रँकचा बोल्ट ८ मिमी असला तरी त्याचे आटे बारीक, १ मिमी अंतराचे असतात. दुकानातल्या साध्या बोल्टचे १.२५ चे. दोन फेरे जातो, मग एक्सलचे आटे घेऊन बसतो.

डाव्या कपाला हीच युक्ती करताना एक खोच आहे. डावा कप सुटताना एकटाच बाहेर सरकतो, एक्सल जागेवर राहतो, त्यामुळे दर पाव फेऱ्याला आवळलेला बोल्ट आणखी ताणला जातो. पाव फेरा झाला की बोल्ट थोडा सैल करायचा, मग पुढचा पाव. उजव्या कपाला हे लागत नाही, कारण कार्ट्रिजची नळी आणि एक्सल त्याच्याबरोबरच बाहेर येतात.

टूल आवळलं, मग तेल. सरांच्या फ्रेममध्ये आत काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे तेल कुठून घालायचं ते कळेल. कप स्टीलचा, शेल ॲल्युमिनियमचा, मध्ये खारं पाणी. असं झालं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून जी पांढरी भुकटी होते तिला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते. आट्यांच्या फटीत ती फुगते आणि कप पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. पाणी येतं मुख्यतः वरून: सीटपोस्टच्या चिरेतून सीट ट्यूबमध्ये आणि तिथून थेट बीबीच्या शेलमध्ये. म्हणजे सगळ्यात वाईट गंज आतल्या टोकाला असतो, आणि आपण तेल मारतो बाहेरून, जिथे कपाची कॉलर शेलला टेकलेली असते.

म्हणून डावा कप आधी काढायचा. तो निघाला की चाकं काढून फ्रेम उजव्या कुशीवर आडवी करायची आणि डाव्या तोंडातून तेल ओतायचं. ते कार्ट्रिजच्या नळीच्या बाजूने खाली उतरून उजव्या कपाच्या आट्यांच्या आतल्या टोकाशी साठतं, म्हणजे जिथे हवं तिथेच. गंज सोडवणारा कुठलाही बरा स्प्रे चालतो. मी गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं वापरतो. हे मिश्रण पातळ असतं, फटीत शिरतं. पण ॲसिटोन पेट घेतं आणि रंग उतरवतं, तेव्हा सांडलेलं लगेच पुसायचं आणि काम उघड्यावर करायचं. रॉकेल-डिझेलवरही लोकांची कामं होतात, वेळ जास्त लागतो. सरांच्या सायकलीला मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे असं तीन दिवस दिलं, आणि प्रत्येक वेळी टूलच्या डोक्यावर हातोडीने आठ-दहा हलके ठोके. ठोक्यांनी भुकटीला भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

नळ तुंबल्यावर घालतात तो कॉस्टिक सोडा वापरायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. स्टीलच्या फ्रेममध्ये अडकलेला ॲल्युमिनियमचा तुकडा विरघळवण्यासाठी त्याचा उपयोग होतो, डोळ्यांची-हातांची नीट काळजी घेतली तर. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ओतलं तर कप तसाच राहील आणि फ्रेम जाईल.

चौथ्या दिवशी पाना लावला. त्याआधी कप आणि शेल दोन्हींवरून जाणारी एक आडवी रेघ मार्करने ओढली. ही रेघ फार उपयोगाची आहे, कारण हाताला नेमकं कळत नाही की कप फिरला, पाना वाकला की दाते सोलले गेले. रेघ तुटली तर कप फिरला. रेघ अखंड आहे आणि पाना मऊ-मऊ सरकतोय, तर दाते चाललेत. हात ताबडतोब काढायचा. रेघ अखंड आणि पाना स्प्रिंगसारखा मागे येतोय, तर दाते ठीक आहेत, जोर कमी पडतोय.

माझ्याकडे तिसरा प्रकार झाला. अजून एक झालं: माझा चार इंची व्हाइस ज्या टेबलावर आहे ते टेबलच उचललं गेलं.

मग सायकल खांद्यावर टाकून ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे सहा इंची व्हाइस, लोखंडी टेबलाला वेल्ड केलेल्या पट्टीवर. अशा कामाला ही जागा आदर्श, कारण इथे पान्याची गरजच उरत नाही. टूलचा षटकोन व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरायचा, फ्रेम त्याच्यावर आडवी, उजवी बाजू खाली. मग फ्रेमच फिरवायची, बैलगाडीचं चाक फिरवावं तशी. एक जण हँडलच्या नळीला धरतो, दुसरा मागच्या टोकाला. दोन्ही बाजूंना सारखा जोर लागल्यामुळे टूल तिरकं व्हायला वावच राहत नाही, आणि तरफेची लांबी आपोआप अर्ध्या मीटरच्या आसपास मिळते. मागच्या टोकाला धरताना दोन्ही फाट्यांना मिळून धरायचं, एकट्या बारीक नळीला नाही.

दिशेचा गोंधळ मात्र इथे पुन्हा होतो. आता टूल स्थिर आहे, फ्रेम फिरतेय, आणि आपण वरून, म्हणजे डाव्या बाजूने बघतोय. दोनदा उलटं झालं म्हणजे सुलटं झालं: बीएसए आट्यांच्या उजव्या कपासाठी वरून बघताना फ्रेम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायची. मी तरीही खडूने फ्रेमवर बाण काढतो. दोन माणसं जोर लावत असताना चर्चा नको.

पहिल्या झटक्याला काही नाही. फॅब्रिकेशनवाला गॅसची बत्ती घेऊन आला.

"दादा, गॅस मारतो, दोन मिनिटांत सुटेल."

"ॲल्युमिनियम आहे रे. लाल होत नाही, सरळ बसतं. हीट गन दे."

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला कारखान्यात उष्णता देऊन मजबुती आणलेली असते. साधारण दीडशे अंशांच्या पुढे तापमान गेलं आणि तिथे राहिलं तर ती मजबुती उतरायला लागते, आणि वरून काही दिसत नाही. आपल्याला तेवढं लागतही नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. कपाचा व्यास ३५ मिमी धरा, ३० अंशांवरून ११० पर्यंत तापवला, तर शेल कपापेक्षा सुमारे ०.०३ मिमी जास्त मोठा होतो. ऐकायला काहीच नाही, पण भुकटीची पकड सुटायला एवढं पुरतं. शिवाय हीट गन शेलवर बाहेरून फिरवली की शेल आधी तापतो, कप मागाहून, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत फरक याहून जास्त मिळतो. हीट गन नसेल तर उकळतं पाणी जुन्या टॉवेलवरून शेलवर ओतत राहा. शंभराच्या वर जाण्याची भीतीच नाही.

तापवण्याआधी तेल, ॲसिटोन सगळं पुसून वाळू दिलं. स्प्रेचे डबे लांब ठेवले. मग सहा-सात मिनिटं गन शेलभोवती फिरवत ठेवली, एका जागी न थांबवता. बोट ओलं करून शिंतोडा उडवला, थेंब चर्र करून उडाला, पुरे. रंगाला फोड यायला लागले तर आपण हद्द ओलांडली असं समजायचं. या उष्णतेने कार्ट्रिजचं सील आणि ग्रीस जातं, पण तो बदलायचाच आहे. कार्बनच्या फ्रेमला मात्र यातलं काहीच करू नका, तिथे चिकटवलेला धातूचा शेल सुटून येईल.

कप ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम स्टीलची असेल तर गणित उलटं. तापवल्यावर कपच जास्त फुगतो. तिथे तापवून पूर्ण गार होऊ द्यायचं, असं तीन-चार वेळा. फुगण्या-आक्रसण्याने गंजाची पकड तुटते. किंवा कपाच्या आत बर्फ भरून मग जोर लावायचा.

शेल गरम असतानाच दोघांनी फ्रेम धरली, आधी उलट दिशेला एक छोटा झटका दिला, घट्ट करायच्या बाजूला, आणि मग खडूच्या बाणाकडे. "कटाक्" असा आवाज आला. मला वाटलं फ्रेम गेली. रेघ बघितली तर दोन मिमी सरकली होती. पहिला पाव फेरा कण्हत-कण्हत, मग पुन्हा तेल, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असं करत पाच-सहा फेऱ्यांनंतर हाताने फिरायला लागला. एकदम काढायची घाई केली असती तर भुकटीचे खडे आट्यांमध्ये चिरडून ॲल्युमिनियमचे आटे सोलले गेले असते. कप बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांवर ओल्या चुन्यासारखा थर होता, आणि शेलमधून अर्धी वाटी तांबूस पाणी फॅब्रिकेशनवाल्याच्या चपलेवर पडलं.

जुन्या काळ्या दणकट सायकलींना कार्ट्रिज नसतो. त्यांच्या उजव्या कपाला बाहेर दोन सपाट बाजू असतात, त्या इतक्या पातळ की पाना हमखास घसरतो. तिथे एक्सल आणि छर्रे काढून घ्या, कपाच्या भोकातून जाईल असा १२-१४ मिमीचा जाड बोल्ट आतून घाला, आत-बाहेर मोठे वॉशर लावा आणि बाहेरून नट आवळा. बोल्टचं डोकं डाव्या तोंडातून बॉक्स पान्याने धरायचं, फक्त नट नीट आवळेपर्यंत. मग ते सोडून द्यायचं आणि नट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहायचा. तो आणखी आवळू शकत नाही, म्हणून कपालाच सोबत ओढतो. आणि उलट्या आट्यांमुळे तीच कप सुटण्याची दिशा.

दोन्ही कडा गेल्या आणि कप हललाच नाही, तर राहते कापाकापी. ती डाव्या कपाला सोपी आहे. कार्ट्रिज निघालेला असेल तर हेक्सॉचं नुसतं पातं चिंधीत धरून कपाच्या आतून, लांबीच्या दिशेने दोन चिरा पाडायच्या, बोटभर अंतरावर. दर वीस-तीस ओढींनी टॉर्च मारून बघायचं. चिरेच्या तळाशी आट्यांच्या बारीक आडव्या रेघा दिसल्या की थांबायचं; त्या पलीकडे फ्रेम सुरू होते. मग मधला तुकडा छिन्नीने आत पाडला की उरलेला कप आपोआप सैल पडतो. उजव्या कपात कार्ट्रिजची नळी आणि बेअरिंगही असतं, ते आधी ठोकून काढावं लागतं, आणि तिथे एका चुकलेल्या फटक्याची किंमत फ्रेम असते. कप स्टीलचा असेल तर त्यापेक्षा चांगल्या वेल्डरकडून कपावर मोठा नट वेल्ड करून घ्या. पकडायला जागा मिळते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सैल होतो. तेही स्टीलच्या फ्रेमला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मी ते करून बघितलेलं नाही, बघणारही नाही.

सरांचे आटे वाचले. पितळी ब्रशने भुकटी काढली, रॉकेलने धुतलं, वाळवलं, आणि नवा कप बोटांनी लावून बघितला. तीन-चार फेरे बोटांनी गेला तर आटे जिवंत आहेत. दुसऱ्या फेऱ्यालाच अडला तर टॅप मारून घ्यावा लागतो, डाव्या-उजव्याचे टॅप वेगळे. फिरतो पण डुगडुगतो, अशी परिस्थिती असेल तर आटे गेलेत. मग आट्यांशिवाय आतून फाकून बसणारा बीबी मिळतो, तो शोधायचा.

नवा बीबी बसवताना आटे, कपाची कॉलर, शेलचं तोंड, सगळीकडे मरिन ग्रीस हात राखून न ठेवता लावलं. आवळायचं ५० ते ७० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर फूटभर पान्याच्या टोकावर साधारण वीस किलो वजनाचा जोर. शेलच्या तळाला पाणी जायचं भोक होतं, ते चिखलाने बुजलं होतं, तारेने मोकळं केलं. सीटपोस्टच्या चिरेवर जुन्या ट्यूबचा एक पट्टा कापून चढवला.

सर सायकल न्यायला आले तेव्हा म्हणाले, "आता पुढची सात वर्षं बघायला नको ना?"

"दर दिवाळीला घेऊन या. उघडायचं, ग्रीस लावायचं, बंद करायचं. अर्धा तास."

जुना कप त्यांनी मागून घेतला. आता त्यात पेनं ठेवतात.